'रिफंड इनिशिएटेड' म्हणे!

मिक्सर बिघडलेला निघाला, सिडकोतल्या घरून पिकअपवाला घेऊनही गेला, आणि माझे ३,४९९ रुपये दीड महिना कुठे फिरतायत देव जाणे. ॲपवर हिरवी टिक, 'रिफंड इनिशिएटेड'. अरे पण कुठे? गोदावरीत सोडलेत का?

बँकेत गेलो तर म्हणाले, कार्डाचा रिफंड ना, मग एआरएन नंबर, म्हणजे रिफंडचा माग काढायचा नंबर, आणा, आम्ही लगेच शोधतो. सेलरला तो नंबर मागितला आणि तिथून जी शांतता पसरली ती पसरलीच! चार मेल, शून्य उत्तर. नंबरच देता येत नाही म्हणजे पैसे पाठवलेच नाहीत, हे कळायला मला दीड महिना लागला, मीही धन्यच.

बरं, नियम आहे ना. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात निकाल लावायचा. पोच? 'डोन्ट रिप्लाय' वरून आलेला आभाराचा मेल, त्याला पोच म्हणायचं तर म्हणा.

मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नंबर मिळाला, पण ते कंपनीला फक्त सांगू शकतात, आदेश नाही देऊ शकत. आता ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय, इथेच, नाशिकमध्ये, मी राहतो तिथे करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी पण नाही. पिकअपची पावती, मेल, हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलंय. आणि आत्ताच सेलरचा मेसेज आला, इतक्या दिवसांनी पहिला: 'आमच्या सेवेला किती स्टार द्याल?'