दहा तारीख हुकली म्हणून व्याज बुडत नाही

"बँकेत पैसे १० तारखेच्या आत भरा आणि महिनाअखेरपर्यंत काढू नका, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं. व्याजदर मध्येच बदलला तर पूर्ण महिन्याला नवाच दर लागतो." बचत खात्याबद्दल असा मेसेज फिरतोय.

१० तारखेचा नियम बँकांत खरंच होता. १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरून व्याज मिळायचं. रिझर्व्ह बँकेने तो १ एप्रिल २०१० पासून बंद केला. तेव्हापासून रोज दिवसाअखेर खात्यात जेवढी शिल्लक असेल तेवढ्यावर व्याज लागतं.

यवतमाळकडच्या एका कापूस उत्पादकाचा डिसेंबर धरू. महिन्याच्या सुरुवातीला खात्यात १०,००० रुपये आहेत. १२ तारखेला कापसाचे ८०,००० जमा झाले आणि २७ तारखेला त्याने ७०,००० काढले. दर ३ टक्के होता, तो २१ तारखेपासून अडीच टक्के झाला.

आता शिल्लक गुणिले दिवस करा. पहिले ११ दिवस १०,००० आणि पुढचे ९ दिवस ९०,०००, म्हणजे ९,२०,०००. याला ३ ने गुणून ३६,५०० ने, म्हणजे ३६५ गुणिले १०० ने, भागलं की ७५.६२ रुपये येतात. दर उतरल्यावर ६ दिवस ९०,००० आणि ५ दिवस २०,०००, म्हणजे ६,४०,०००. त्यावर अडीच टक्क्यांनी ४३.८४. एकूण ११९.४६ रुपये.

जुन्या नियमाने याच माणसाला १०,००० वरचे पंचवीसच रुपये मिळाले असते. मेसेजवर विश्वास ठेवून १२ तारखेला हातात आलेली रक्कम पुढच्या महिन्यापर्यंत घरी ठेवणारा शेतकरी हक्काचं व्याज सोडतो, आणि चोरीची धास्ती वेगळीच.

दराचंही तसंच. नवा दर लागू झाल्याच्या तारखेपासून लागतो, मागे जात नाही. वरच्या हिशोबात पूर्ण महिन्याला अडीच टक्के लावले तर १०६.८५ येतात, म्हणजे साडेबारा रुपयांचा फरक.

पासबुकवरून पडताळताना एकाच तारखेच्या चार नोंदी असतील तर शेवटची शिल्लक घ्या. सकाळी भरून संध्याकाळी काढलेल्या पैशावर काही मिळत नाही. व्यापाऱ्याचा चेक टाकला त्या दिवसापासून नाही, तो वटून रक्कम जमा झाली तेव्हापासून दिवस मोजा. व्याज तिमाहीने जमा होत असेल तर तिन्ही महिन्यांची बेरीज करा, आणि मधल्या महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवू नका.

मेसेज पसरतो त्याचं कारणही आहे. पोस्टाच्या बचत खात्याला १० तारखेचा नियम आजही लागू आहे. वरचा कापसाचा पैसा पोस्टात १२ तारखेला भरला असता, तर डिसेंबरचं व्याज १०,००० वरच मिळालं असतं. पोस्टात खातं असेल तर १० तारखेच्या आत जरूर भरा. गावच्या पतसंस्थेत मात्र तिच्या पोटनियमांत काय लिहिलंय ते सचिवांना विचारा.