खुलासा: मालक बदलले, बँक खातं नाही

"कंपनी विकली गेली म्हणे. मग जुनी बिलं बुडाली आणि पैसे आता नव्या खात्यात भरायचे का?"

नाही. विकले गेले ते शेअर. कंपनी तीच आहे. त्यामुळे तिचं नाव, कर नोंदणी क्रमांक आणि बँक खातं तेच राहतं. पुरवठादारांची बिलं ठरल्या मुदतीतच चुकती होतील, ग्राहकांची वॉरंटीही चालू राहील. ज्या करारांत मालकी बदलताना संमती घेण्याचं कलम आहे, तेवढ्यांनाच आम्ही वेगळं पत्र पाठवत आहोत.

खरी काळजी खात्याच्या निरोपाची वाटते. अशा बातमीच्या आडून भामटे हुबेहूब लेटरहेडवर नवा खाते क्रमांक धाडतात. तसं पत्र आलं तर पैसे भरू नका. त्यावरच्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा.