रिपोर्ट आला म्हणजे केस संपली?

"वकीलसाहेब, एक्सपर्टने लिहून दिलंय सही खोटी आहे, आता काय राहिलं?" असं विचारणारे पक्षकार दर महिन्याला येतात. खूप काही राहिलेलं असतं हो.

एक मृत्युपत्राची केस सांगतो, नाव गाव नको. आजोबांनी 2014 ला धाकट्याच्या नावे मृत्युपत्र केलं. ते गेल्यावर थोरला म्हणाला सही बाबांची नाहीच, आणि खासगी हस्ताक्षरतज्ञाचा रिपोर्ट आणला. त्यात अक्षरांचं वळण वेगळं, रेषा थरथरलेली, मध्येच पेन उचललेलं, सबब सही बनावट. वाचून कोणालाही पटेल असा!

उलटतपासात पहिला प्रश्न आला की नमुना सही कुठली घेतली? तर 1991 च्या बँकेच्या कार्डावरची, तीसुद्धा झेरॉक्स. आता झेरॉक्सवर पेनाचा दाब धड दिसत नाही, पेन कुठे उचललं तेही खात्रीने सांगता येत नाही. आणि आजोबांना 2012 ला अर्धांगवायू झालेला, हात थरथरणारच ना? मग आजोबांनी पेन्शनसाठी दिलेला 2013 चा हयातीचा दाखला धाकट्याने दाखल केला, त्यावरची सही तशीच थरथरलेली, वळणही तेच. तज्ञाला विचारलं हा कागद तुम्हाला दाखवला होता का, तर नाही. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता, त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदांपुरतंच बोलत होता. शेवटी सही डोळ्यांदेखत झाली असं सांगणारा साक्षीदार उलटतपासात टिकला, आणि कोर्टाने मृत्युपत्र खरं धरलं.

तज्ञाच्या मताचं हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 45 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 39. तिथे तज्ञाचं मत पुराव्यात घेता येतं एवढंच आहे, ते जजवर बंधनकारक आहे असं कुठेही नाही. आणि का असावं? तज्ञ काही सही होताना तिथे हजर नव्हता. हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल या 1999 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तज्ञाने शास्त्रीय निकष आणि कारणं कोर्टापुढे ठेवायची, म्हणजे जजला ती लावून स्वतःचं मत बनवता येईल. नुसतं "बनावट आहे" लिहिलं आणि कारणं नसली तर जज तपासणार तरी काय?

पण याचं दुसरं टोकही गाठू नका, आमच्यातलेच काही वकील "एक्सपर्ट काय, पैसे देईल त्याचा" म्हणून सगळंच उडवून लावतात. मुरारीलाल केसमध्ये 1979 लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हस्ताक्षरतज्ञाच्या मताला दुसऱ्या पुराव्याचा आधार असलाच पाहिजे असा काही कायदा नाही. सावधपणे बघा, कारणं तपासा, ती पटणारी असतील आणि विरुद्ध काही नसेल तर एकट्या मतावरही निकाल देता येतो.

म्हणून तज्ञाकडे जायच्या आधी घर उलथंपालथं करा. वादातल्या कागदाच्या आसपासच्या सालातल्या, वाद सुरू व्हायच्या आधीच्या, मूळ कागदावरच्या सह्या शोधा. केस लागल्यावर वकीलपत्रावर केलेली सही नमुना म्हणून देऊ नका, ती मुद्दाम बदलून केली असं समोरचा म्हणणारच.