कोषाध्यक्षताईंनी वार्षिक हिशेब कसा सांगावा

मुंबईतल्या बचत गटाच्या कोषाध्यक्षपदी आपली निवड झाली असेल, तर मार्च संपल्यावर होणाऱ्या वार्षिक सभेत आपल्याला उभे राहून वर्षभराचा जमाखर्च सांगावा लागेल. हे काम वाटते तितके अवघड नाही. आकडे खरे असावेत, बेरीज चुकू नये आणि तरीही ऐकणाऱ्या एकाही बाईला गटाची खरी स्थिती कळू नये, एवढेच साधायचे असते. त्यासाठी खोटे बोलण्याची गरज नाही. खोटे बोलणे हा अननुभवी कोषाध्यक्षाचा मार्ग आहे.

सभेची वेळ आधी ठरवा. भांडुपच्या टेकडीवर किंवा गोवंडीच्या वस्तीत रविवारी दुपारची सभा सोयीची असते, पण हिशेबाचा विषय मात्र पाणी यायच्या वेळेच्या दहा मिनिटे आधीच घ्यावा. हळदीकुंकवाचा खर्च, पुढच्या सहलीचे ठिकाण, नव्या साड्यांचा रंग या विषयांवर आधी भरपूर चर्चा होऊ द्यावी. साड्यांवर पाऊण तास खर्ची पडला की पाच वाजता नळ सुटेल या धास्तीने अर्ध्या बायकांचे लक्ष हंड्यांकडे गेलेले असते आणि मग आपण रोजकीर्द उघडावी.

उदाहरणासाठी बारा बायकांचा एक गट घेऊ. प्रत्येकीची बचत महिन्याला २०० रुपये, अंतर्गत कर्जावर व्याज दरमहा शेकडा दोन, आणि गट सुरू होऊन सव्वादोन वर्षे झालेली. एक एप्रिलला बँक आणि पेटी मिळून ६,४०० रुपये शिल्लक होती. वर्षभरात बचतीचे २८,८०० आले, कर्जाच्या मुद्दलाची परतफेड ३६,००० झाली, कर्जावरील व्याज ७,२०० मिळाले, उशिराचा दंड ३०० आणि बँकेचे व्याज २०० जमा झाले. एकूण जमा ७२,५००. कर्ज म्हणून ७०,००० दिले, आणि वह्या, बँकेत जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, चहा व हळदीकुंकू मिळून २,००० खर्च झाले. एकूण नावे ७२,०००. अखेरची शिल्लक ६,९००.

आता भाषण असे करावे : ‘भगिनींनो, यंदा आपल्या गटाचे उत्पन्न ७२,५०० रुपये झाले, खर्च ७२,००० झाला आणि शिल्लक ६,९०० आहे. टाळ्या.’ वाक्य छोटे, आकडे तीनच, आणि वहीशी पडताळले तर तिन्ही बरोबर. गैरसमज फक्त ‘उत्पन्न’ आणि ‘खर्च’ या दोन शब्दांत आहे. बचत हे गटाचे उत्पन्न नसून ज्या बाईने ती भरली तिचे देणे आहे, ते तिला कधीतरी परत करायचे असते. परत आलेले मुद्दल म्हणजे आपलाच पैसा घरी आला, आणि दिलेले कर्ज म्हणजे आपलाच पैसा बाहेर गेला. त्यामुळे खरे उत्पन्न व्याज, दंड आणि बँकेचे व्याज मिळून ७,७०० आणि खरा खर्च २,००० इतकाच आहे, म्हणजे वर्षाचा वाढावा ५,७००. पण हे सांगितले तर कोणीतरी ५,७०० नीट पाहील, आणि आपल्याला ते नको आहे. उलट ७२,५०० म्हटल्यावर गट मोठा वाटतो, आणि शेजारच्या गटाचा आकडा त्याहून लहान असला की बायका घरी जाऊन अभिमानाने सांगतात.

काही कोषाध्यक्ष उगाच प्रामाणिकपणाच्या आहारी जातात आणि येणे कर्जाचा आकडाही सांगून टाकतात. तसे चुकूनही करू नये. वर्षाच्या सुरुवातीला बायकांकडे ३२,००० कर्ज बाहेर होते. त्यात यंदा दिलेले ७०,००० मिळवले आणि परत आलेले ३६,००० वजा केले की ६६,००० उरतात. हे आणि शिल्लक ६,९०० मिळून गटाजवळ ७२,९०० रुपये आहेत. त्यात सगळ्यांची मिळून बचत ६४,८०० आणि आजवरचा वाढावा ८,१००. म्हणजे प्रत्येकीची ५,४०० बचत आणि वर ६७५ नफा. दोन्ही बाजू जुळतात, आणि पाचवी शिकलेल्या बाईलाही हे दोन मिनिटांत समजते, हाच त्यातला धोका आहे. कारण समजले की ती विचारते, ‘६६,००० कोणाकोणाकडे आहेत?’

येथे आपल्याला थोडी माहिती असणे बरे. ६६,००० पैकी २०,००० एकाच बाईने ऑगस्टमध्ये उचललेले आहेत आणि त्यानंतर तिने ना हप्ता भरला ना व्याज. ही बाई म्हणजे आपली जाऊबाई, आपली सख्खी शेजारीण किंवा, मनातल्या मनात मान्य करायला हरकत नाही, आपणच आहोत. अखेरच्या शिल्लकेत या थकबाकीची खूणही दिसत नाही, कारण जो पैसा आलाच नाही त्याची रोजकीर्दीत नोंद कशी असेल? जमाखर्चाच्या वहीवर माझा जीव आहे तो यासाठीच. न घडलेल्या गोष्टींबद्दल ती अत्यंत सुसंस्कृतपणे मौन पाळते. ती थकबाकी फक्त कर्ज खातेवहीत, त्या एका नावाच्या पानावर, ऑगस्टनंतरच्या कोऱ्या ओळींत असते. म्हणून खातेवही सभेला आणू नये. ‘घरी राहिली, पिशवी बदलली’ हे पुरेसे आहे.

मात्र एक कोपरा उघडा राहतो, तो व्याजाचा. शेवटच्या रांगेत बसलेली एखादी वयस्क मावशी, जिने वर्षानुवर्षे भिशी चालवली आहे, ती बोटांवर मोजू लागते. वर्षाच्या सुरुवातीला ३२,००० बाहेर होते, नंतर वाढत गेले. समजा वाढले नाहीत, जसेच्या तसे राहिले, तरी शेकडा दोनने महिन्याला ६४० आणि वर्षाला ७,६८० व्याज यायला हवे. आले ७,२००. कर्ज दुपटीला आले आणि व्याज मात्र जुन्या कर्जापुरतेही पुरत नाही! एवढ्या एका गुणाकाराने तिला कळते की कोणीतरी व्याज भरत नाही. कोण, ते कळायला फक्त खातेवही लागेल. नेमके सांगायचे तर त्या २०,००० वर महिन्याला ४०० प्रमाणे सप्टेंबर ते मार्च असे सात महिन्यांचे २,८०० व्याज थकले आहे. अशा वेळी मावशींना व्यासपीठावर बोलावून शाल द्यावी.

शाल पुरणार नसेल तर अनुभवी मंडळींचा उपाय आहे, तो मार्चच्या बैठकीतच करून ठेवावा. त्याच दिवशी, त्याच बाईच्या नावावर, एका ओळीत २०,००० मुद्दल आणि २,८०० व्याज जमा दाखवावे आणि पुढच्याच ओळीत तिला २२,८०० चे नवे कर्ज दिले असे लिहावे. चमत्कार पाहा. एकूण जमा ९५,३०० होते, एकूण नावे ९४,८००, आणि अखेरची शिल्लक पूर्वीइतकीच, ६,९००. व्याज एकदम १०,००० होते, त्यामुळे मावशींचा गुणाकार गप्प बसतो. थकबाकी नाहीशी होते, कारण कर्ज आता नवे आहे. वाढावा ५,७०० वरून ८,५०० वर जातो, आणि तो वाटून घेण्याची मागणीही जोर धरते. एकही रुपया कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेलेला नाही, हे फक्त त्या दोन ओळींना माहीत असते. दोन ओळींची तारीख एक, नाव एक, रक्कम एक, आणि बँकेच्या पासबुकात त्या दिवशी काहीच नाही, एवढे चार धागे एकत्र पाहणारी बाई सहसा सभेत नसते. असली, तर तिला पुढच्या वर्षी सचिव करावे. काम वाढले की तीही पाहणार नाही.

पासबुकावरून आठवले. अखेरची शिल्लक सांगताना ‘६,९००’ एवढेच म्हणावे. त्याचे ‘बँकेत’ आणि ‘हातात’ असे दोन तुकडे करू नयेत. समजा पासबुकात १,३०० असतील आणि ५,६०० ‘हातातील रोख’ असेल, तर हात कोणाचा हा प्रश्न अप्रशस्त आहे. गटाने कधीतरी ठराव केलेला असतो की पेटीत पाचशेपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत आणि बाकीचे बैठकीनंतर लगेच बँकेत भरायचे. तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत आहे, आणि इतिवृत्ताची वही खातेवहीच्याच पिशवीत राहिली आहे. कोणी ‘पेटी उघडून नोटा मोजू या’ म्हणालीच, तर किल्ली दुसरीकडे असते, ही पद्धत बरी. पासबुक शेवटचे छापले ते डिसेंबरात, आणि मशीन बंद होते, हेही सांगता येईल. मुंबईत या कारणावर कोणी शंका घेत नाही.

एकीचे बोलणे मात्र आधीच थांबवावे. ती म्हणेल, ‘ताई, समजा ते वीस हजार आलेच नाहीत, तर?’ तिला उत्तर देऊ नये, कारण उत्तर साधे आहे. गटाजवळच्या ७२,९०० मधून २०,००० वजा केले की ५२,९०० राहतात, आणि बायकांची बचतच ६४,८०० आहे. बाराजणींत वाटले तर प्रत्येकीच्या पदरात ४,४०८ रुपये पडतील, म्हणजे ज्या ५,४०० तिने स्वतः भरले त्यातूनही जवळजवळ हजार रुपये गेले, आणि ६७५ चा नफा तर कधी झालाच नव्हता. हे आकडे तिच्या वैयक्तिक पासबुकात लिहून देऊ नयेत. तिथे फक्त ‘बचत : ५,४००’ असे सुवाच्य अक्षरात लिहावे आणि खाली सही करावी.

एवढे झाल्यावर हात जोडून विचारावे, ‘हिशेब मंजूर आहे ना?’ आणि उत्तराची वाट न पाहता वही मिटावी. कोणीतरी ‘मंजूर’ म्हणतेच, बहुधा जाऊबाई. त्याच क्षणी खाली कोणीतरी ‘पाणी आलं!’ म्हणून ओरडते, सगळ्या उठतात, चपला शोधतात, आणि मावशी मात्र शाल मांडीवर घेऊन बोटे मोजत बसलेल्या असतात. त्यांच्याकडे पाहू नये. त्यांचा हंडा भरून ठेवायला आपल्या मुलाला पाठवावे, आणि पिशवी उचलून आपण जिना उतरावा.