वरीलपैकी किती?

मागच्या दहा वर्षांचे पेपर कोळून प्यायलेला उमेदवार सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत लगेच ओळखू येतो. तो प्रश्न वाचत नाही, थेट पर्यायांकडे जातो. "तिसरं विधान चुकीचं, म्हणजे ब आणि ड गेले, उरले अ आणि क." एवढं म्हणून तो चहाला उठतो. प्रश्न नदीवर होता की नाबार्डवर, हे त्याला विचारू नये.

अशा सगळ्या मंडळींसमोर 28 मे 2023 ला सकाळी साडेनऊ वाजता युपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पेपर आला. विधानं तीच, नेहमीसारखी तीन. फक्त खाली "1 आणि 2", "फक्त 3" असले ओळखीचे पर्याय गायब. त्यांच्या जागी: फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही. कोणतं बरोबर ते आयोगाला जाणून घ्यायचंच नव्हतं, किती बरोबर एवढंच सांगा. असले प्रश्न आधी अधूनमधून दर्शन द्यायचे, त्या दिवशी ते पानापानावर होते. प्रश्नपुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत असते, त्यामुळे मराठी उमेदवाराला आपण अडाणी ठरल्याची बातमी दोन भाषांत मिळाली.

इथे पहिली चूक होते ती डोक्यात नाही, घड्याळात. शंभर प्रश्न, दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. पहिले पाच प्रश्न अनोळखी निघाले की उमेदवार सहाव्याला चार मिनिटं देतो, कारण "हा तरी यायलाच हवा". तो यायलाच हवा असं पेपर काढणाऱ्याला मुळीच वाटत नसतं. पहिल्या फेरीत कुठल्याही प्रश्नाला मिनिटापेक्षा जास्त द्यायचं नाही. प्रत्येक विधानाच्या शेजारी पेन्सिलीने बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढे सरकायचं. ही चिन्हं फार कामाची आहेत. त्यांच्याशिवाय दुसऱ्या फेरीत तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर मघाशी पक्कं वाटलेलं विधानही संशयास्पद दिसायला लागतं.

आता खरी गंमत. "एलिमिनेशन संपलं" म्हणून तेव्हा बराच गळा काढला गेला. हिशेब मात्र जरा वेगळं सांगतो. समजा प्रश्न असा आहे: 1. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ होतो. 2. इंद्रावती ही गोदावरीची उपनदी आहे. 3. तुंगभद्रा ही गोदावरीची उपनदी आहे. वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत? तुम्हाला पहिलं पक्कं माहीत आहे, बाकी दोन्हींवर प्रश्नचिन्ह. वरवर पाहता फक्त "एकही नाही" हा पर्याय उडाला आणि तीन उरले. पण त्या तिघांना सारखं मानू नका. उरलेली दोन विधानं नाणेफेकीसारखी धरली, तर दोन्ही चूक निघण्याची शक्यता चारात एक, दोन्ही बरोबर निघण्याची चारात एक, आणि एक बरोबर एक चूक निघण्याची चारात दोन. म्हणजे "फक्त दोन" या उत्तराला निम्मी संधी आहे. जुन्या पद्धतीत दोन पर्याय उडवून उरायची तेवढीच! एक विधान पक्कं चूक माहीत असेल, तर याच न्यायाने "फक्त एक" कडे झुकायचं. पेपर काढणारा नाणं उडवून विधानं लिहीत नाही हे खरं, म्हणून बाकीच्या विधानांबद्दल थोडाही अंदाज असेल तर आधी त्याचं ऐकावं. अंदाजही नसेल तेव्हा मधला पर्याय बरा.

चुकलं तर 0.66 गुण जातात, बरोबर आलं तर 2 मिळतात. निम्म्या संधीवर प्रश्नामागे सरासरी दोन-तृतीयांश गुण हाती लागतो. डोळे मिटून चारातला एक निवडला तर सरासरी जवळपास शून्य, म्हणजे फक्त शाई वाया.

या प्रकारात आयोगाने नकळत एक मेहेरबानीही करून ठेवली आहे. वरच्या प्रश्नात समजा एखाद्याने इंद्रावती कृष्णेला नेऊन मिळवली आणि तुंगभद्रा गोदावरीला. दोन्ही घोडचुका. पण बरोबर विधानं त्याच्या मोजणीत दोनच भरली, आणि उत्तर "फक्त दोन" हेच बरोबर! जुन्या पद्धतीत या गृहस्थाचे गुण गेलेच असते. भूगोलाच्या सरांना हे कळू देऊ नये.

त्याच पेपरात "विधान एक, विधान दोन" या जोडीचेही प्रश्न होते. तिथे पर्याय नीट वाचणाऱ्याचा फायदा होतो. दोन्ही बरोबर आणि दुसरं पहिल्याचं स्पष्टीकरण, दोन्ही बरोबर पण स्पष्टीकरण नाही, पहिलं बरोबर दुसरं चूक, पहिलं चूक दुसरं बरोबर. "दोन्ही चूक" हा पर्याय दिलेलाच नसतो. त्यामुळे एक जरी विधान चूक असल्याची खात्री झाली की दुसरं वाचायचीही गरज नाही, उत्तर ठरलं. त्या दुसऱ्या विधानात लिथियम असो की बँकांचं भांडवल, खुशाल सोडून द्या.

मग बेरीज. समजा पहिल्या फेरीत नेहमीच्या पन्नासऐवजी तीसच प्रश्न खात्रीचे वाटले, आणि त्यातलेही चार चुकले. 26 बरोबर, हाती सुमारे 49 गुण. दुसऱ्या फेरीत असे चाळीस प्रश्न घेतले, ज्यात एखादं विधान पक्कं माहीत होतं. निम्मे बरोबर, निम्मे चूक, तरी सुमारे 27 गुण. उरलेले तीस कोरे. एकूण 76. परीक्षागृहात हा आकडा ऐकून कुणीही रडेल, कारण 2022 ला खुल्या गटाचा कटऑफ 88.22 होता. पण 2023 ला तो 75.41 वर उतरला. पेपर सगळ्यांचाच अनोळखी असतो, हे त्या दोन तासांत कुणाच्याच लक्षात राहत नाही. शेजारचा भराभर गोळे रंगवताना दिसतो, तो कदाचित डिझाइन काढत असेल.

गोळ्यांचंही पाहा. ओएमआर काळ्या बॉलपेनने भरायची असते, एकदा रंगवलेला गोळा बदलता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीतली खात्रीची उत्तरं फेरी संपताच रंगवून टाकावीत. शेवटच्या दहा मिनिटांत सत्तर गोळे रंगवणारा एक ओळ सरकतो, आणि मग त्याचं सगळं ज्ञान शेजारच्या प्रश्नाला लागू होतं.

साडेअकराला सुटल्यावर गेटबाहेरच्या झाडाखाली जी चर्चा भरते, तिकडे फिरकू नका. तिथे प्रत्येक प्रश्नाची चार उत्तरं चार जण शपथेवर देतात. अडीचला सीसॅट आहे, आणि त्या वर्षी तो पेपरही गणिताच्या बाजूने चांगलाच अंगावर आला. तिथे ऐंशीपैकी किती सोडवले याला महत्त्व नाही, 200 पैकी 66 हवेत. प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीला त्याचा तिसरा हिस्सा वजा, त्यामुळे 30 बरोबर आणि 10 चूक असतील तरी 66.67 होतात. अवघड संख्याप्रश्नांवर शाई ओतण्याआधी उताऱ्यांचे आणि सोप्या तर्काचे प्रश्न शोधून ते तीस गोळा करा. सकाळच्या पेपराचं दुःख करायला साडेचारनंतर अख्खी संध्याकाळ मोकळी आहे.