गुणांक शून्य म्हणजे संबंध शून्य नव्हे

«दोन गोष्टींचा पिअर्सन गुणांक शून्याजवळ आला, तर त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. खात्री करायची असेल तर स्पिअरमन काढा, तो वक्र संबंधही पकडतो. तोही शून्य आला की विषय संपला.»

यातले पहिलेच वाक्य सर्वाधिक नुकसान करते. पिअर्सन गुणांक एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: ठिपक्यांमधून एक सरळ रेषा काढली, तर ठिपके तिच्या किती जवळ बसतात आणि ती चढती आहे की उतरती? गुणांक शून्य आला म्हणजे सर्वांत चांगली बसणारी सरळ रेषा आडवी आहे, एवढेच कळते. ठिपके त्या रेषेभोवती वाटेल तसे विखुरले आहेत की एखाद्या सुबक कमानीवर रांगेने बसले आहेत, हे त्या आकड्यातून कळायला मार्ग नाही.

बियाण्यांच्या उगवणीचे उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी बेतले आहेत, पण त्यांची घडण ओळखीची आहे, कारण उगवण फार थंडीत होत नाही आणि फार उष्णतेतही होत नाही. समजा तापमान 10, 15, 20, 25, 30, 35 आणि 40 अंश असताना उगवण अनुक्रमे 10, 45, 80, 90, 80, 45 आणि 10 टक्के झाली. तापमानाची सरासरी 25 आहे. तिच्यापासूनचा प्रत्येक फरक त्या-त्या उगवणीने गुणून बेरीज करा: 10 अंशांचे −15 × 10 आणि 40 अंशांचे 15 × 10 एकमेकांना खाऊन टाकतात, उरलेल्या जोड्याही तशाच कटतात, आणि पिअर्सन नेमका शून्य येतो. तरीही या आकड्यांत तापमान सांगितले की उगवण तंतोतंत सांगता येते. याहून घट्ट संबंध कोणता असणार?

आता स्पिअरमनकडे वळू. वक्र संबंध पकडण्याचे श्रेय त्याला अर्धेच देता येईल. स्पिअरमन मूळ आकडे बाजूला ठेवून त्यांचे क्रमांक लावतो आणि त्या क्रमांकांवर पिअर्सन काढतो. त्यामुळे जो वक्र आधी झपाट्याने चढतो आणि पुढे मंदावतो, पण खाली कधीच येत नाही, त्याच्यासाठी स्पिअरमन पूर्ण 1 येतो, तर पिअर्सन थोडा कमी पडतो. मात्र वक्र वर जाऊन परत खाली आला, तर क्रमांकही तसेच वर जाऊन खाली येतात आणि उगवणीच्या आकड्यांवर स्पिअरमनही शून्यच देतो. हेच आकडे 25 अंशांवर दुभागून पाहा. 10 ते 25 अंशांच्या भागात स्पिअरमन 1 आणि पिअर्सन सुमारे 0.98 येतो, 25 ते 40 अंशांच्या भागात तेच आकडे ऋण होऊन येतात. दोन तितकेच बळकट आणि विरुद्ध कल एकत्र मोजले गेले, म्हणून शून्य आला.

दोन्ही गुणांकांत तफावत पडते तेव्हा मात्र स्पिअरमन खरोखर कामाला येतो, आणि ही गोष्ट त्या दाव्यात कुठेच नाही. दहा नोंदी आहेत असे समजा. पहिल्या नऊ नोंदींत दोन्ही रकाने 1 ते 9 असे जोडीने वाढतात. दहाव्या नोंदीत पहिल्या रकान्यात 10 आहे आणि दुसऱ्यात «माहिती उपलब्ध नाही» यासाठी वापरलेला −9 हा संकेत तसाच राहून गेला आहे. पिअर्सन −0.02 येतो, म्हणजे जवळजवळ शून्य. स्पिअरमन 0.45 येतो, कारण −9 कितीही खाली असला तरी क्रमांकांत त्याला «सर्वांत लहान» एवढीच जागा मिळते. ती एक ओळ वगळली की दोन्ही गुणांक 1 होतात. अशी तफावत दिसली की कोणता गुणांक लिहावा यावर वाद घालण्याआधी ठिपक्यांचा आलेख काढावा. एकटा पडलेला ठिपका डोळ्याला लगेच दिसतो आणि कमानही दिसते.

राहता राहिले «विषय संपला» हे शब्द. सारे ठिपके नीट विखुरलेले असले, कमान नसली, चुकीची नोंद नसली, तरीही किती नोंदींवरून शून्य आला हे विचारावेच लागते. आकडे साधारण प्रसामान्य वितरणाचे असतील, तर दहाच नोंदींवरून आलेल्या शून्य पिअर्सनचा 95 टक्के विश्वास-अंतराल सुमारे −0.63 ते 0.63 असतो, त्यात बऱ्यापैकी बळकट संबंधही बसू शकतो, धन किंवा ऋण. शंभर नोंदी असतील तर तोच पट्टा साधारण −0.20 ते 0.20 होतो, आणि मग बळकट सरळरेषीय संबंध नाही असे म्हणायला आधार मिळतो.

दोन चल स्वतंत्र असतील, तर गुणांक शून्य असतो, हे खरे आहे. उलट दिशेने ते सर्वसाधारणपणे लागू पडत नाही. दोन्ही चलांचे संयुक्त वितरण प्रसामान्य असेल, तर तेवढ्यापुरते ते उलटेही खरे ठरते, कारण अशा वितरणात सरळरेषीय संबंधाखेरीज दुसरा संबंध असूच शकत नाही. मात्र प्रत्येक चल स्वतःपुरते प्रसामान्य आहे एवढे तपासून ही सवलत मिळत नाही. म्हणून अहवालात «संबंध नाही» असे लिहिण्याऐवजी «100 नोंदींवर सरळरेषीय संबंध आढळला नाही, अंतराल −0.20 ते 0.20» असे लिहावे आणि आलेख सोबत जोडावा.