पायझोमीटर 47 दाखवतो तेव्हा: कन्सॉलिडेशनवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

भराव टाकला की खालच्या चिकणमातीच्या थरातलं पाणी हळूहळू बाहेर जातं आणि थर दबत जातो, हेच कन्सॉलिडेशन. ते किती वेगाने होतं हे cv सांगतो, आणि पाण्यात किती दाब उरलाय हे पायझोमीटर. त्यावरच्या माझ्या लेखाला आलेली वाचकाची प्रतिक्रिया:

"लेखात थर 6 मीटरचा आणि सूत्रात H मात्र 3 मीटर. एकूण किती खचेल हे काढताना पुन्हा पूर्ण 6 मीटर! सोयीप्रमाणे H बदलायचा का? आमच्या साइटवर असाच थर होता, वर-खाली वाळू, भराव 3 मीटरचा, cv तुमचाच, वर्षाला 2 चौरस मीटर. थराच्या मध्यावर पायझोमीटर होता. साडेदहा महिन्यांत 50 टक्के, म्हणजे वाढलेल्या 60 किलोपास्कलपैकी 30 उरायला हवेत. प्रत्यक्षात 47 उरले होते. फक्त 22 टक्के! पुस्तकी सूत्रं साइटवर चालत नाहीत. आणि खालची वाळू पाण्याला वाट देते, हे तुम्ही कशावरून धरलंत?"

नमस्कार. तुम्ही नुसती शंका न काढता आकडा दिलात, त्यामुळे उत्तरही आकड्यांनी देता येतंय. थराच्या मध्यावर साडेदहा महिन्यांनी किती दाब उरेल, हे त्याच सूत्रातून काढलं तर उत्तर 46.7 किलोपास्कल येतं. तुमचा पायझोमीटर सूत्राशी भांडत नाहीये. भांडण आहे ते माझ्या एका वाक्याशी. मी लिहिलं होतं, "साडेदहा महिन्यांत थर निम्मा कन्सॉलिडेट होतो." हे वाचून कुणालाही वाटेल की थरातला कण न् कण निम्म्यावर आला. ते वाक्य ढिलं होतं, लेखात दुरुस्त करतो.

50 टक्के ही थराची सरासरी आहे. भराव पडल्या क्षणी 60 किलोपास्कलचा सगळा भार पाणी उचलतं, तळापासून माथ्यापर्यंत सारखाच. मग वाळूला लागून असलेल्या कडा लगेच मोकळ्या होऊ लागतात आणि मध्याला बातमी उशिरा पोचते. साडेदहा महिन्यांनंतरचं चित्र असं दिसतं: वरच्या वाळूपासून अर्धा मीटर खाली जवळजवळ 79 टक्के दाब ओसरलेला, 1 मीटरवर 60, 2 मीटरवर 32 आणि 3 मीटरवर, म्हणजे बरोबर मध्यावर, 22. खालच्या अर्ध्यात हेच आकडे आरशातल्यासारखे उलटे. या सगळ्यांची सरासरी काढली की 50 येते. जमीन खचते ती या सरासरीच्या हिशोबाने, कारण प्रत्येक पातळ थर आपापल्या वाट्याचं दबतो आणि वरची सेटलमेंट प्लेट त्या सगळ्यांची बेरीज दाखवते. पायझोमीटर मात्र जिथे बसवलाय तिथलंच सांगतो, आणि तुम्ही तो सर्वांत आळशी जागी बसवला होता. (त्यात चूक काही नाही, मीही तिथेच बसवतो.)

आता दोन H बद्दल. ती एकच राशी नाही. दोन्हींना एकच अक्षर वापरायची सवय आपल्या वर्गांनी लावलीय, म्हणून गोंधळ होतो. एकूण किती खचणार हे ठरतं एकूण किती माती दबणार यावर, म्हणून तिथे पूर्ण 6 मीटर. माती भाराखाली किती दबते हे सांगणारी लेखातली mv प्रति किलोन्यूटन 0.0008 चौरस मीटर होती. तिला 60 ने आणि 6 ने गुणलं की 0.288 मीटर, म्हणजे 288 मिलिमीटर. पाणी एका बाजूने जावो की दोन, हा आकडा हलत नाही. वेळ मात्र ठरतो सर्वांत लांबच्या थेंबाला वाळूपर्यंत किती चालावं लागतं यावर. त्या अंतराला मी यापुढे Hdr म्हणतो. t म्हणजे लोटलेला वेळ आणि Tv म्हणजे त्याचं एककाविना रूप:

```
Tv = cv × t / Hdr²
```

वर-खाली दोन्हीकडे वाळू असेल तर मध्याच्या वरचं पाणी वर जातं, खालचं खाली. मध्यरेषा कुणीच ओलांडत नाही. तिथे कल्पनेने प्लास्टिकचा कागद अंथरला तरी थराला पत्ता लागणार नाही. म्हणजे 3-3 मीटरचे दोन स्वतंत्र थर, प्रत्येकाला एकच तोंड. म्हणून Hdr 3. निम्म्या कन्सॉलिडेशनसाठी Tv 0.197 लागतो, म्हणून 0.197 × 9 ÷ 2 = 0.89 वर्ष. तेच आपले साडेदहा महिने. 90 टक्क्यांसाठी Tv 0.848, म्हणजे 3.8 वर्षं.

Hdr चा वर्ग का, हे पाठ करण्यापेक्षा समजून घ्यायला सोपं आहे. वाट दुप्पट केली की एका तोंडातून बाहेर काढायचं पाणी दुप्पट होतं, आणि तोच दाब दुप्पट अंतरावर पसरल्यामुळे ढकलणारा उतार निम्मा होतो. काम दुप्पट, जोर निम्मा, वेळ चौपट.

तुमच्या प्रतिक्रियेतला सर्वांत जड प्रश्न शेवटच्या ओळीत आहे. खालची वाळू वाट देते हे कशावरून? माझ्या लेखात त्याला उत्तर नव्हतं. बोअरलॉगमध्ये 'वाळू' लिहिलं होतं, मी धरून चाललो.

याच धरून चालण्याने एकदा माझी चांगली फजिती झाली आहे. बोअर चिकणमाती संपून वाळू लागल्यावर जेमतेम मीटरभर खाली नेऊन थांबवलेलं होतं. मी दोन्हीकडून निचरा धरून वेळापत्रक दिलं. प्लेटचं रीडिंग मात्र ठरलेल्या तारखेला अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास. नंतर आणखी बोअर घेतली तेव्हा कळलं की ती वाळू म्हणजे चिकणमातीत सर्व बाजूंनी कोंडलेला खिसा होता. वाळू होती, पण तिच्यातलं पाणी जाणार कुठे? तिच्या खाली पुन्हा चिकणमातीच. निचऱ्याला नुसती वाळू पुरत नाही, वाळूला बाहेर वाट हवी.

त्या वेळी मी एक गोष्ट शिकलो. निचरा एकाच बाजूने असेल तर वेळ चौपट होतो, पण ठरलेल्या तारखेला खचणं चौथाई नाही, निम्मं दिसतं. सुरुवातीला, साधारण 60 टक्क्यांपर्यंत, टक्केवारी वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. Hdr 3 चा 6 झाला की Tv 0.197 चा 0.049 होतो आणि टक्केवारी 50 ची 25. आपल्या उदाहरणात 144 मिलिमीटरऐवजी 72. म्हणून लोक "जरा मागे आहोत, गाठू" म्हणून गाफील राहतात. गाठत नाहीत. 90 टक्के गाठायला 3.8 ऐवजी 15 वर्षं लागतात.

पण फक्त प्लेट बघून "खालचं तोंड बंद आहे" असंही ठासून सांगता येत नाही. cv प्रयोगशाळेत निघाला त्याच्या चौथाई असेल तर दोन्ही तोंडं उघडी असूनही प्लेट 72 च दाखवेल. दोन्ही प्रकरणांत मध्यावरचा दाब मात्र वेगळा असतो. एकच तोंड आणि cv 2 असेल तर मध्यावर 53 किलोपास्कल उरतात. दोन तोंडं आणि cv 2 च्या चौथाई, म्हणजे 0.5 असेल तर मध्याला अजून काहीच कळलेलं नसतं, जवळजवळ पूर्ण 60. म्हणजे प्लेट आणि पायझोमीटर एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे असतात.

जाता जाता cv बद्दल एक. प्रयोगशाळेतला नमुना 20 मिलिमीटर जाडीचा आणि वर-खाली सच्छिद्र दगड, म्हणून तिथेही Hdr 10 मिलिमीटर. काही रिपोर्टमध्ये पूर्ण 20 घेतलेले असतात आणि cv चौपट फुगतो. साइटवरही पूर्ण जाडी घेतली आणि दोन्ही तोंडं उघडी असली तर दोन चुका एकमेकींना खातात, उत्तर बरोबर येतं, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एक तोंड बंद असलं की मात्र साडेतीन वर्षांचं काम कागदावर साडेदहा महिन्यांत होतं. आपल्या cv शी जुळणारा नमुना निम्म्यावर यायला सुमारे 5 मिनिटं लागली पाहिजेत. तुमच्या रिपोर्टच्या मूळ वाचनात तेवढं तपासून घ्या.

आता तुमचा 47. वर मी म्हटलं की तो दोन तोंडं आणि cv 2 याच्याशी जुळतो. तो खरंच जुळतो, पण तेवढ्यावर मी सुटलो असं समजत नाही. एकच तोंड आणि cv 3.4 असला तरी साडेदहा महिन्यांनी मध्यावर 47 च उरतात. आणि प्रयोगशाळेतल्या 2 चा साइटवर 3.4 होणं यात नवल काही नाही. पातळ वाळूच्या रेघा नमुन्यात सापडत नाहीत, साइटवर असतात. मग ओळखायचं कसं? इथे प्लेट बोलते. दोन तोंडं असतील तर त्या तारखेला साधारण 144 मिलिमीटर, एकच असेल तर 94 च्या आसपास. फरक एवढा मोठा आहे की प्लेटच्या वाचनातली नेहमीची चूक त्यात हरवून जाते. फक्त शून्य तारीख भराव सुरू झाल्याची धरू नका आणि संपल्याचीही नको. भराव टाकायला लागलेल्या काळाचा मध्य धरा.

याहून सरळ पुरावा हवा असेल तर खालच्या वाळूत एक पायझोमीटर. भराव पडत असताना त्यातलं पाणी आपल्या मूळ पातळीला राहिलं, तर वाळूला बाहेर वाट आहे. भरावाबरोबर तेही वर चढलं आणि तिथेच रेंगाळलं, तर तो खिसा आहे आणि Hdr 6 धरायचा.

तुमच्याकडे प्लेटचा त्या महिन्याचा आकडा असेल तर इथे लिहा. 144 च्या जवळ असेल तर 90 टक्के पावणेचार वर्षांच्या आसपास धरा. 94 च्या जवळ असेल तर 9 वर्षं लागतील, आणि मग वरचं पक्कं काम सुरू करण्याआधी जादा भराव किंवा उभ्या ड्रेनचा हिशोब करायला हवा.